पाऱ्याचा स्तंभ आणि म्हातारपणची स्मृती

मूलहून सावली ओलांडून पूर्वेला गेले की वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. तेथील ‘सर्च’ या संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे शोधली आणि २०१५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सर्वांत मोठे कारण निघाले मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात. सातांतील सुमारे एक मृत्यू त्याने झाला होता. हिवताप किंवा सर्पदंश अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांना हे नवल वाटले. झटक्याचे मुख्य कारण वाढलेला रक्तदाब. पण तोच रक्तदाब झटका न आणताही मेंदू झिजवतो. ते कसे, हे पाहू.

रक्तदाब १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने हाच दाब पाण्याचा १६३ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरतो. दाब १६० झाला, तर स्तंभ २१८ सेंटिमीटर, म्हणजे दारापेक्षाही उंच! हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का रोहिणीच्या भिंतीवर बसतो. तरुणपणी मोठी रोहिणी रबरासारखी ताणली जाते आणि धक्का पचवते. जास्त दाब वर्षानुवर्षे राहिला की ती ताठर होते. मग धक्का तसाच पुढे मेंदूतील बारीक वाहिन्यांपर्यंत जातो. त्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते. मेंदूच्या आतल्या भागात चेतातंतूंचे जे पांढरे जुडगे असतात, त्यांना रक्त कमी पडते. माणसाला काही जाणवत नाही. विचार मंदावणे, हिशेब चुकणे, नावे न आठवणे हे पुढे वीस वर्षांनी दिसते आणि घरचे त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात.

वीस वर्षांचे हे अंतर कळले कसे? लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणी १९८५ पासून चालू आहे. पन्नाशीत ज्यांचा वरचा दाब १३० किंवा अधिक होता, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३८ टक्के जास्त आढळला. साठाव्या किंवा सत्तराव्या वर्षी मोजलेल्या दाबाशी मात्र असा संबंध दिसला नाही. हे विचित्र वाटेल. पण झीज व्हायला वेळ लागतो, आणि स्मृतिभ्रंश उघड होण्याच्या आधीची काही वर्षे दाब आपोआप उतरू लागतो. म्हणून पंचाहत्तरीतला ‘चांगला’ दाब पन्नाशीचा इतिहास सांगत नाही.

तरी पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही. दाब जास्त असणारे लोक कदाचित धूम्रपानही जास्त करत असतील. त्यासाठी प्रयोग हवा. तो २०१८ मध्ये चीनच्या ३२६ खेड्यांत सुरू झाला. दाब वाढलेले, चाळिशीपुढचे सुमारे ३४,००० लोक त्यात होते. निम्मी खेडी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. तिथल्या गावडॉक्टरांनी ठरलेल्या पायऱ्यांनी गोळ्या वाढवल्या, मीठ कमी करायला सांगितले, आणि लोकांना घरी दाब मोजायला शिकवले. उरलेल्या खेड्यांत नेहमीचे उपचार चालू राहिले. चार वर्षांनी पहिल्या गटाचा वरचा दाब दुसऱ्यापेक्षा सुमारे २२ मिलिमीटरने अधिक उतरला होता. स्मृतिभ्रंश नेहमीच्या उपचारांत हजारी ५४ जणांना झाला, तर नव्या पद्धतीत ४६ जणांना. हजारात आठ माणसे वाचली. आकडा लहान वाटेल, पण हा फक्त चार वर्षांचा हिशेब आहे, आणि बहुतेक उपचार साध्या, जुन्या गोळ्यांचे होते.

या प्रयोगाला मर्यादाही आहेत. त्यातील लोकांचे सरासरी वय साठीच्या पुढे होते. चाळिशीत गोळ्या सुरू करून सत्तरीपर्यंत वाट पाहणारा प्रयोग कोणी केलेला नाही. अर्ध्या लोकांना तीस वर्षे बिनउपचार ठेवणे योग्यही नाही. शिवाय गोळ्या, मीठ आणि सल्ला एकत्र दिल्यामुळे कशाचा किती वाटा, हे वेगळे काढता येत नाही. आणि झिजलेली वाहिनी गोळीने पूर्ववत होत नाही. पुढची झीज मंदावते, इतकेच.

आता मोजणीकडे वळू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. हात खाली लोंबता ठेवून पट्टा हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली आला, तर तेवढ्या रक्तस्तंभाचा दाब मोजणीत मिसळतो. रक्त पाण्याहून किंचितच जड, म्हणून १०० मिलिमीटर भागिले १३.६, म्हणजे सात-आठ मिलिमीटर पारा. १३४ चा दाब १४१ दिसेल आणि नसलेला आजार चिकटेल. हात वर उचलला तर उलट, असलेला आजार लपेल. म्हणून पाच मिनिटे स्वस्थ बसायचे, पाठ टेकवायची, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवायचा, बोलायचे नाही. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजून सरासरी काढायची, जशी आपण प्रयोगशाळेत लंबकाच्या आंदोलनांची काढतो.