कृषिकन्येचा बायोडेटा

प्रश्न : यंदा बी.एस्सी. (कृषी) झाले. सातव्या सत्रात कृषिकन्या म्हणून गावात राहिले. आमच्या सहाजणींच्या गटाने तिथे कपाशीत कामगंध सापळे लावले होते. नंतर महिनाभर एका कृषी सेवा केंद्रात प्रशिक्षण घेतले. आता बियाणे कंपनीत क्षेत्र अधिकारी व्हायचे आहे. पण बायोडेटात वरती स्वतःबद्दल दोन-तीन वाक्ये लिहायची म्हटली, की ‘मेहनती, प्रामाणिक, संधीच्या शोधात’ एवढेच सुचते. नोकरीच केलेली नाही, तर लिहू काय?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या पत्रातले सापळेच वर यायला हवेत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळच्या कपाशीचे काय केले, हे प्रत्येक बियाणे कंपनीला ठाऊक आहे. सापळ्यांची नोंद ठेवलेली मुलगी त्यांच्या कामाची आहे.

आधी कार्यानुभवाची डायरी उघडा. किती शेतांत सापळे लावले, किती आठवडे पतंग मोजले, शेतकऱ्यांना काय सांगितले, हे तीनच आकडे-तपशील वेगळे काढा. समजा डायरीत १२ शेते आणि ८ आठवडे निघाले, तर असे लिहा :

‘बी.एस्सी. (कृषी) पदवीधर, दारव्हा तालुक्यात ग्रामीण कृषी कार्यानुभवात गटासोबत १२ कपाशी शेतांत कामगंध सापळे लावून ८ आठवडे गुलाबी बोंडअळीच्या नोंदी घेतल्या व फवारणीची वेळ शेतकऱ्यांना समजावली. कृषी सेवा केंद्रातील महिनाभराच्या प्रशिक्षणात बियाणे-खतांच्या साठ्याची नोंदवही सांभाळली. कपाशी पट्ट्यात पीक-पाहणी व शेतकरी-भेटींचे काम करू शकते.’

पहिल्या दोन वाक्यांत केलेले काम आहे, तिसरे वाक्य त्या जागेकडे वळते. नोंदवही तुम्ही खरेच सांभाळली असेल तरच ते लिहा; नुसती पाहिली असेल, तर जे हातून झाले ते घाला. ‘गटासोबत’ हा शब्द मात्र काढू नका. सहाजणींचे काम एकटीच्या नावावर लावले, की मुलाखतीत ‘सापळे कोणी बांधले, मोजले कोणी?’ या दुसऱ्याच प्रश्नाला अडखळायला होते.

लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येणार, हे धरून चला. ‘फवारणीची वेळ’ लिहिलीत, तर ती कशी ठरते हे सांगता आले पाहिजे : सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग, किंवा एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहिल्यावर २ किडलेली निघणे. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून बोंडे फोडून पाहावीच लागतात, हेही सांगा. एवढे न अडखळता सांगता येत नसेल, तर ते शब्द वाक्यातून काढलेले बरे.

जाहिरात विक्रीच्या जागेची असेल, तर पहिल्या दोन वाक्यांची अदलाबदल करा आणि कृषी सेवा केंद्र आधी घ्या. कार्यानुभव अभ्यासक्रमाचाच भाग असल्याने तो ‘नोकरीचा अनुभव’ या मथळ्याखाली नको, ‘प्रशिक्षण’ या मथळ्याखाली घाला. बायोडेटा इंग्रजीत मागितला, तरी १२ आणि ८ हे आकडे तसेच राहू द्या.