एका दिवसाची पाळी

शालेय पोषण आहाराचे काम पाहणाऱ्या शिक्षकास एक दिवस रजेवर जावयाचे असल्यास त्याने सहकाऱ्यास दोन दिवस आधी विचारावे. "उद्या जरा बघा" एवढे म्हणून निघून जाऊ नये. विनंती अशी असावी: "बाई, बुधवारी मला तालुक्याला जावे लागत आहे. त्या दिवशीचा आहार आपण पाहाल का? शुक्रवारची आपली परिपाठाची पाळी मी घेईन. जमत नसेल तर आजच सांगावे." मुख्याध्यापकांची संमती अर्थातच घ्यावी.

खरा घोळ तांदळाचा होतो. शिल्लक न तोलता किल्ली दिली आणि पुढे चार किलोंची तूट निघाली, तर ती कोणत्या दिवसाची हे कोणालाच सांगता येत नाही. संशय मात्र बिचाऱ्या बदली शिक्षिकेवर येतो. म्हणून दोघांनी मिळून तांदूळ तोलावा, नोंदवहीतील शिलकेशी ताडावा व सह्या कराव्यात. चिठ्ठीत लिहावे: "तोललेली शिल्लक ४८ किलो. पहिली ते पाचवीस दर मुलामागे १०० ग्रॅम. पट ६२ आहे, पण तांदूळ हजेरीप्रमाणे काढावा. ५७ मुले आली तर ५ किलो ७०० ग्रॅम. वाटपापूर्वी चव घेऊन नोंद करावी."

परतल्यावर तांदूळ पुन्हा दोघांनी तोलावा. हजेरी ५७ असता ४२ किलो ३०० ग्रॅम भरला, की किल्ली परत घ्यावी.