इडली चालते, मग चटणी का नाही?

प्रश्न : माझी मुलगी बंगळूरला इंजिनिअरिंगला आहे. तिच्या हॉस्टेलमध्ये जुलाबांची साथ आली आणि वॉर्डनबाईंनी नोटीस लावली. इडली-डोसा चालू, पण चटणी, ताक आणि कोशिंबीर बंद. आरओचं पाणीही उकळून देणार. हात सॅनिटायझरने नव्हे, साबणानेच धुवायचे. मेसमधल्या दोन आचाऱ्यांना पगारी सुट्टी. इडली चालते आणि तिच्याशेजारची चटणी चालत नाही, हे मला कळेना. ही नोटीस शास्त्राला धरून आहे की नुसतीच धावपळ? (एक पालक, सांगली)

उत्तर : नोटीस चांगली आहे. फक्त तिच्यात एक मोठी उणीव आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी चटणी. इडली दहा-बारा मिनिटं वाफेत असते. डोसा तापलेल्या तव्यावरून थेट ताटात येतो. जुलाबाचे नेहमीचे जंतू त्या उष्णतेत टिकत नाहीत. चटणीचं तसं नाही. ओलं खोबरं, डाळं, मिरची आणि टाकीचं पाणी ग्राइंडरमध्ये फिरतं, वरून फोडणी पडते आणि झालं. त्या चमचाभर फोडणीने पातेलंभर चटणी उकळत नाही. पाणी दूषित असेल तर जंतू चटणीत जिवंत उतरतात, आणि सकाळी सातला वाटलेली चटणी दहापर्यंत उघडी राहिली की तिथेच वाढतात. ताकात तेच पाणी, कोशिंबिरीच्या काकड्या धुवायलाही तेच. म्हणजे बाईंनी पदार्थ नव्हे, कच्चं पाणी बंद केलंय. चटणीऐवजी उकळतं सांबार मिळत असेल तर मुलीची तक्रार मनावर घेऊ नका.

आरओचं यंत्र जंतू अडवतं, पण त्यात पाण्यातला क्लोरीनही निघून जातो. मग ते पाणी स्टीलच्या टाकीत साठतं. त्या टाकीत किंवा तोटीवर, जिथे दिवसभर बाटल्यांची तोंडं टेकतात, घाण शिरली तर तिला मारायला पाण्यात काही उरलेलं नसतं. म्हणून साथीत पाणी खळखळून उकळायचं, किमान एक मिनिट, आणि झाकून तोटीच्या भांड्यातून द्यायचं. पिंपात ग्लास बुडवायचा नाही.

सॅनिटायझरचं कारणही खरं आहे. हॉस्टेलसारख्या दाटीच्या जागी जुलाब-उलट्या पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी त्याला हातावरून धुऊन काढतात.

आचाऱ्यांच्या सुट्टीत ‘पगारी’ हा शब्द बाईंनी विचार करून घातलेला दिसतो. पोट बिघडलेल्या माणसाने जुलाब थांबल्यावरही 48 तास स्वयंपाकाला हात लावू नये, असा दंडक आहे. बरं वाटू लागलं तरी विष्ठेतून जंतू बाहेर पडत असतात. पण रोज कापला जाणार असेल तर कोण कबूल करेल? तो गोळी घेऊन कणीक मळायला उभा राहील. शिवाय नोटीस नुसत्या इंग्रजीत असेल तर ती त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. ती कन्नड आणि हिंदीत, ग्राइंडरच्या वरच्या भिंतीवर हवी.

आता उणीव. एप्रिल 2024 मध्ये बंगळूर मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या 47 विद्यार्थिनींना जुलाब-उलट्यांमुळे व्हिक्टोरिया रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि कॉलऱ्याच्या संशयावरून नमुने तपासणीला गेले. त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची भीषण टंचाई होती. या डॉक्टर होऊ घातलेल्या मुली होत्या. हात कसे धुवायचे हे त्यांना कुणी शिकवायला नको. तरी अशा मुलीही आजारी पडतात, कारण टाकीत आणि स्वयंपाकघरात काय चाललंय हे मुलींच्या हातात नसतं. तुम्ही लिहिलेल्या नोटिशीत टाकीबद्दल एक अक्षर नाही.

बंगळुरात कावेरीचं पाणी कमी पडलं की टँकर येतो, आणि तो बहुधा बोअरचं पाणी आणतो. त्यात क्लोरीन असेलच असं नाही. तो हॉस्टेलनेच घालायचा. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला 25 ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत सोडायचं. अर्ध्या तासाने टाकीपासून सर्वांत लांबच्या नळाचं पाणी ओटी किटने तपासायचं. थेंब टाकल्यावर दहा सेकंदांत आलेला पिवळा रंग पट्टीशी ताडून पाहायचा, कारण नंतर गडद होणारा रंग फसवतो. एरवी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन पुरतो, साथीत 0.5 हवा. शून्य आलं तर पावडर जुनी आहे, टाकीच्या तळाशी गाळ आहे, नाहीतर पाइप कुठेतरी फुटून सांडपाण्याला भिडलाय. उघड्या पोत्यातली पावडर दमट हवेत जोर गमावते, हे मेसवाल्याला ठाऊक नसतं. गाळ असेल तर आधी टाकी उपसून घासायला हवी. वरून कितीही पावडर ओतली तरी ती गाळातच खर्ची पडते.

आणि दुसरं, यादी. कोण आजारी, पहिला जुलाब कधी झाला, कोणत्या ब्लॉकमध्ये राहते, आदल्या तीन दिवसांत मेसमध्ये काय खाल्लं-प्यायलं. यात आजारी नसलेल्या मुलींनाही विचारावं लागतं, आणि तिथेच बहुतेक वॉर्डन चुकतात. समजा 300 मुली आहेत. ताक प्यायलेल्या 120 जणींपैकी 36 आजारी, म्हणजे शंभरात 30. न प्यायलेल्या 180 पैकी 9, म्हणजे शंभरात 5. सहापट फरक पडला, तर संशय ताकावर. पण ताक पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या सारख्याच आजारी असतील आणि एकाच ब्लॉकमध्ये गर्दी असेल, तर त्या ब्लॉकची टाकी उघडा. वेळही बोलते. जेवणानंतर चार-पाच तासांत सगळ्या एकदम उलट्या करू लागल्या तर बाहेर राहिलेला शिळा भात आठवावा. रोज नव्या चार-पाच जणी आजारी पडत असतील तर उगम अजून चालू आहे. ही यादी पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला त्याच दिवशी द्यायची असते, आणि विष्ठेचे नमुने अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचे असतात. आधी गोळ्या वाटल्या तर प्रयोगशाळेला काही सापडत नाही.

मुलीला एवढं सांगा : ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, सगळं एकदम, अर्धं पाकीट ग्लासात नाही. जुलाबात रक्त असेल किंवा ताप असेल तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नये. भाताच्या पेजेसारखे पांढरट जुलाब, थांबेनाशी उलटी, किंवा सहा-सात तास लघवी नाही, असं झालं तर खोलीत न थांबता रुग्णालय गाठावं. आणि तुम्ही वॉर्डनबाईंना फोन कराल तेव्हा चटणीबद्दल विचारू नका. शेवटच्या नळाचं आजचं क्लोरीनचं मोजमाप किती, ते विचारा.