एक निवेदन, तीन सूर : सितोपलादि चूर्णाचे उदाहरण

नव्या उत्पादनाचे एकच निवेदन इन्स्टाग्राम, लिंक्डइन व एक्स या तिन्ही ठिकाणी जसेच्या तसे टाकण्याची प्रथा आपल्या औषधीनिर्मात्यांत रूढ आहे. प्रत्येक ठिकाणचा वाचक निराळा असल्याने सूर बदलणे इष्टच. परंतु सूर बदलताना काय बदलू नये, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

समजा, फैजपूर येथील एका औषधीशाळेने सितोपलादि चूर्णाची ५० ग्रॅमची काचेची बरणी आणली आहे. शार्ङ्गधरसंहितेतील पाठानुसार त्यात खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडे २ व दालचिनी १ असे एकूण ३१ भाग असतात. म्हणजे बरणीत सुमारे २६ ग्रॅम खडीसाखरच आहे. म्हणून नाव, वजन, घटक आणि मधुमेहींसाठी सूचना या चार गोष्टी तिन्ही मजकुरांत अचल राहिल्या पाहिजेत.

इन्स्टाग्रामवर सूर घरगुती असावा : ‘बरणी उघडताच वेलदोडा आणि दालचिनी ओळखू यावी, असे ताजे चूर्ण.’ येथे चित्र आधी पाहिले जाते व खालच्या मजकुराच्या आरंभीच्या ओळीच दिसतात. यास्तव सूचना चित्रावरच छापावी.

लिंक्डइनवर वैद्य व विक्रेते वाचतात. तेथे घटकांचे प्रमाण, परवाना क्रमांक व निर्मितीचा महिना सरळ सांगावा. मात्र व्यवसायबंधूंशी बोलत आहोत, या समजुतीने रोगनिवारणाचे दावे करू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये मधुमेह, स्थूलता इत्यादी अनुसूचित रोगांवरील औषधांची जाहिरात निषिद्ध आहे. नोंदणीकृत वैद्यांनाच गोपनीय रीतीने पाठविलेल्या पत्रकास त्यात सवलत असली, तरी लिंक्डइनवरील मजकूर सर्वांनाच दिसतो.

एक्सवर सामान्य खात्यास २८० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ‘चूर्ण’ हा दोन अक्षरी शब्द तेथे पाच चिन्हांचा होतो. जागा अपुरी पडली की बहुधा सूचनाच गळते. ती आधी लिहून उरलेल्या जागेत बाकीचे बसवावे :

‘सितोपलादि चूर्ण, ५० ग्रॅम, आता काचेच्या बरणीत. निम्म्याहून अधिक खडीसाखर. मधुमेहींनी वैद्यांना विचारूनच घ्यावे. इतर घटक : वंशलोचन, पिंपळी, वेलदोडे, दालचिनी.’

प्रसिद्धीपूर्वी तिन्ही मजकूर शेजारी ठेवून वरील चार गोष्टी अधोरेखित कराव्यात. एखाद्यात तीनच रेघा आढळल्यास केवळ सूर बदललेला नाही, निवेदनच बदलले आहे, असे समजावे.