यादीतील मराठी नावे एक्सेलमध्ये बिघडून दिसतात तेव्हा

शिष्यवृत्ती, घरकुल, पाणीपट्टी किंवा मतदार याद्यांचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना सीएसव्ही फाइल आता नवी राहिलेली नाही. संकेतस्थळावरून यादी उतरवून घेतली की ती बहुधा याच स्वरूपात हाती येते. ही फाइल म्हणजे वस्तुतः साधा मजकूर होय. प्रत्येक नोंद एका ओळीवर आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम, एवढीच तिची रचना. रंग, अक्षराचा आकार, रकान्याची रुंदी यांपैकी काहीही तीत साठविलेले नसते; आणि त्यातील अक्षरे कोणत्या संकेताने लिहिली आहेत, हेही बहुतेक वेळा लिहिलेले नसते. मराठी नावांच्या बाबतीत उद्भवणाऱ्या अडचणीचे मूळ या शेवटच्या गोष्टीत आहे.

उदाहरणादाखल एका पंचायत समितीचा प्रसंग घेऊ. शिक्षण विभागाकडे शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्या २१२ विद्यार्थ्यांची यादी आली. तिच्या आरंभीच्या ओळी अशा होत्या :

```
क्र,नाव,खाते
1,सविता पवार,00451207
2,झुंबर गुरव,00451213
```

लिपिकाने नेहमीप्रमाणे फाइलवर दोनदा टिचकी मारली. एक्सेल उघडले, परंतु नावाच्या रकान्यात सविता पवार हिच्या जागी पुढील अक्षरे दिसू लागली :

```
à¤¸à¤µà¤¿à¤¤à¤¾ à¤ªà¤µà¤¾à¤°
```

कोणी म्हणाले, फाइलच खराब आली आहे. कोणी संगणकात मराठी फाँट नसल्याचे निदान केले. फाँट बदलून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही. तो पडणारही नव्हता. पडद्यावर जी अक्षरे होती ती खरोखरच रोमन लिपीतील चिन्हे होती, आणि देवनागरी फाँट लावल्याने ‘à’ चा ‘स’ होत नाही.

मग ‘स’ गेला कोठे? तो फाइलमध्ये जेथे होता तेथेच आहे. संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन अंकांनी, म्हणजे तीन बाइटांनी लिहिले जाते. ‘स’ साठी २२४, १६४, १८४ आणि ‘व’ साठी २२४, १६४, १८१. देवनागरीच्या सर्व १२८ जागांपैकी प्रत्येकीचा पहिला अंक २२४ असतो; दुसरा अंक पहिल्या निम्म्या जागांसाठी १६४ व उरलेल्या निम्म्यांसाठी १६५ असतो. आता विंडोजच्या जुन्या पाश्चात्य संकेतनात, ज्याचा क्रमांक १२५२ आहे, एका बाइटाचे एकच अक्षर होते. तेथे २२४ म्हणजे ‘à’, १६४ म्हणजे ‘¤’, १६५ म्हणजे ‘¥’. फाइलमध्ये संकेतनाची खूण नसली की एक्सेल पुष्कळदा हाच जुना तक्ता वापरते आणि ‘सविता’ या पाच चिन्हांच्या नावाची पंधरा अक्षरे होतात. यास्तव ‘à¤’ आणि ‘à¥’ ही जोडी पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर ती निश्चित खूण समजावी : मजकूर शाबूत आहे, केवळ चुकीच्या तक्त्यावरून वाचला जात आहे.

अशा वेळी पहिली गोष्ट करावयाची ती ही, की फाइल काहीही न साठविता बंद करावी. त्यानंतर एक्सेलमध्ये कोरे पुस्तक उघडून `Data` या विभागातील `From Text/CSV` निवडावे आणि तीच फाइल दाखवावी. लगेच न उघडता एक्सेल नमुन्याची एक खिडकी पुढे करते. तिच्या वरच्या बाजूस `File Origin` अशी चौकट असते. तीत `1252: Western European (Windows)` असे दिसत असेल, तर खालची यादी उघडून `65001: Unicode (UTF-8)` हे निवडावे. ६५००१ हा यूटीएफ-८ ला विंडोजने दिलेला क्रमांक होय. यादी बरीच लांब आहे व हा पर्याय तिच्या तळाशी सापडतो. तो निवडताच नमुन्यातील नावे मराठीत दिसू लागतात. नमुना सुधारला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

त्याच खिडकीत `Data Type Detection` अशी आणखी एक चौकट आहे. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, पण यादीत खाते क्रमांक असतील तर ती नावांच्या चौकटीइतकीच मोलाची आहे. एक्सेलने रकाना अंकांचा आहे असे ठरविले, की 00451207 चे 451207 होते. पुढची दोन शून्ये जातात. शिवाय एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक अचूक ठेवते, त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. म्हणून येथे `Do not detect data types` निवडून मग `Load` दाबावे. असे केल्यास क्र, नाव, खाते ही शीर्षकांची ओळ पहिल्या नोंदीसारखी खाली येते, एवढी किरकोळ गैरसोय होते. आलेली यादी `Excel Workbook (*.xlsx)` या प्रकाराने साठवावी. त्या प्रकारात अक्षरांचा संकेत फाइलमध्येच ठरलेला असल्याने हा घोटाळा पुन्हा होत नाही.

२०१३ व त्याआधीच्या एक्सेलमध्ये `From Text` निवडल्यावर तीन पायऱ्यांची खिडकी येते. पहिल्या पायरीवर `File origin`, दुसरीवर स्वल्पविराम आणि तिसरीवर खात्याचा रकाना निवडून `Text`, असा क्रम ठेवावा. लिबरऑफिस वापरणाऱ्यांचे काम थोडे सोपे आहे. ते सीएसव्ही उघडताना `Character set` आपण होऊनच विचारते.

आता पंचायत समितीच्या प्रसंगाकडे परत वळू. तेथे फाइल न साठविता बंद झाली नाही. एकाच यादीच्या प्रती तीन टेबलांवर गेल्या आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे काहीतरी घडले.

पहिल्या टेबलावर बिघडलेल्या अक्षरांसह फाइल तशीच, जुन्या सीएसव्ही प्रकारात साठविली गेली. आश्चर्य वाटेल, पण येथे नावांची हानी झाली नाही. ज्या तक्त्यावरून अंकांची अक्षरे झाली होती, त्याच तक्त्यावरून अक्षरांचे पुन्हा तेच अंक झाले. मात्र खाते क्रमांकांची शून्ये गेली, आणि ती मूळ प्रतीवरूनच परत आणावी लागली.

दुसऱ्या टेबलावर कोणीतरी यूटीएफ-८ चे नाव ऐकून होते. त्यांनी बिघडलेलीच यादी `CSV UTF-8 (Comma delimited) (*.csv)` या प्रकाराने साठविली. आता ‘à’ आणि ‘¤’ हीच खरी अक्षरे समजून त्यांचे यूटीएफ-८ झाले, म्हणजे संकेतावर संकेत चढला. अशी फाइल ओळखण्याची रीत अशी, की ६५००१ निवडूनही नावांच्या जागी ‘à¤’ च दिसत राहतो. हिच्यावर उपाय आहे. फाइलची प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडावी, `Save As` मध्ये `Encoding` या चौकटीत `ANSI` निवडून वेगळ्या नावाने साठवावी आणि ती पुन्हा ६५००१ ने वाचावी. चढलेला एक थर त्यामुळे उतरतो. साठविताना युनिकोड अक्षरे नष्ट होतील असा इशारा नोटपॅडने दिला तर मात्र थांबावे. कोणीतरी मधल्या काळात काही नावे खऱ्या मराठीत पुन्हा टंकलिखित केली आहेत, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. दुरुस्त यादी तपासताना झ, ए, ऐ ही अक्षरे, ऱ्हस्व उकार आणि हलन्ताची खूण असलेली नावे प्रथम पाहावीत. जुन्या तक्त्यात यांच्या तिसऱ्या अंकास कोणतेच दृश्य चिन्ह नाही, त्यामुळे मधल्या नकलेत काही गळले असेल तर ते येथे गळलेले असते. ‘सविता’ नीट दिसली म्हणून ‘झुंबर’ नीट आहे असे मानू नये.

तिसऱ्या टेबलावर सर्वांत मोठी हानी झाली आणि तीही यादी अगदी योग्य रीतीने उघडल्यानंतर. नावे मराठीत दिसत होती, गावनिहाय क्रम लावला गेला, आणि पुढे पाठविण्यासाठी ती `CSV (Comma delimited) (*.csv)` या साध्या प्रकाराने साठविली गेली. या प्रकारात विंडोजचा जुना तक्ता वापरला जातो. त्यात देवनागरीचे एकही अक्षर नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. पडद्यावर फाइल बंद होईपर्यंत नावे नीटच दिसत होती. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर सविता पवार हिच्या जागी `????? ????` एवढेच उरले होते. ‘à¤’ आणि प्रश्नचिन्ह यांत हा मूलभूत भेद आहे. पहिल्यात मूळ अंक जिवंत असतात. दुसऱ्यात ‘स’ चे ही प्रश्नचिन्ह आणि ‘व’ चे ही तेच प्रश्नचिन्ह होते. कोणतेही संकेतन निवडून त्यातून नाव परत येत नाही. शाळांना दूरध्वनी करून नावे पुन्हा लिहून घेतली तर सविताची सवीता होते, आणि ती बँकेतील नावाशी जुळत नाही. सुदैवाने उतरवून घेतलेली मूळ फाइल पहिल्या टेबलावरील संगणकात, कोणी हात न लावलेली अशी, शिल्लक होती. यादी आली की तिची एक प्रत न उघडता बाजूस ठेवावी, हे यासाठीच.

ज्यांना याद्या तयार करून इतरांना पाठवावयाच्या असतात, त्यांना मूळातच ही अडचण टाळता येते. यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट ठेवले, तर एक्सेल त्यांना संकेतनाची खूण समजते आणि दोनदा टिचकी मारूनही नावे बरोबर उघडतात. एक्सेलचा `CSV UTF-8` प्रकार ही खूण आपण होऊन लावतो. नोटपॅडमध्ये मात्र २०१९ पासून साध्या `UTF-8` पर्यायाने ती लागत नाही. `UTF-8 with BOM` असे वेगळे निवडावे लागते. या खुणेचाही एक तोटा आहे. यादी माणसाने न वाचता एखाद्या संकेतस्थळावर चढवावयाची असेल, तर काही प्रणाली हे तीन बाइट पहिल्या शीर्षकाचाच भाग समजतात आणि ‘क्र’ हा रकाना सापडत नाही अशी तक्रार करतात. तेव्हा यादी बिनखुणेची पाठवावी.

जुन्या संगणकांवरील काही याद्यांना यांपैकी कोणताही उपाय लागू पडत नाही. युनिकोडपूर्व मराठी फाँटांत टंकलिखित केलेल्या मजकुरात रोमन अक्षरांनाच मराठी वळण दिलेले असते. अशी फाइल उघडल्यावरही अगम्य रोमन चिन्हे दिसतात, परंतु त्यांत ‘à¤’ ची पुनरावृत्ती नसते व `File Origin` कितीही वेळा बदलले तरी मराठी उमटत नाही. तेथे तो विशिष्ट फाँट कोणता हे शोधून, त्याच्यासाठी केलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.