तिखट सोडलं, तरी जिभेची आग का?

काकू : डॉक्टर, महिना झाला, जिभेची नुसती आग होते. ठेचा बंद केला, तरी आता वरणभातही झोंबतो.

डॉक्टर : जीभ दाखवा बघू. टोकाला आणि कडेला लालबुंद, गुळगुळीत चट्टे आहेत. एरवी जीभ खरखरीत असते ती तिच्यावरच्या बारीक अंकुरांमुळे. इथले अंकुर झिजून गेलेत.

काकू : तिखटानेच जळाले असतील.

डॉक्टर : नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन वेदनेच्या नसांना चेतवतं, म्हणून झोंबतं. तिखट जास्त झालं तरी एक-दोन दिवसांत जीभ निवते. तुमच्या जिभेवरचे अंकुर आधी गेले, म्हणून उघड्या पडलेल्या जिभेला आता काहीच सोसत नाही.

काकू : पण गेले कशाने?

डॉक्टर : त्यांच्या पेशी सतत झिजतात आणि नव्या तयार होतात. त्यासाठी बी-१२, फॉलिक आम्ल आणि लोह लागतं. तुम्ही शाकाहारी, बी-१२ मिळतं ते दूध-दह्यातून, तेही थोडंच. त्यात मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेताय. त्या गोळीने बी-१२ अंगी लागणं कमी होतं. पायांना मुंग्या येतात?

काकू : येतात की! मला वाटलं साखरेमुळे.

डॉक्टर : साखरेमुळेही येतात, बी-१२ कमी असलं तरी येतात. म्हणून सीबीसी, बी-१२ आणि फेरिटिन तपासू. बी-१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही १००च्या वर जातो. पण लोहही कमी असेल, तर त्याने पेशी लहान होतात आणि एमसीव्ही नॉर्मल दिसू शकतो. नुसत्या सीबीसीवर विसंबून चालत नाही.

काकू : घरात फॉलिकच्या गोळ्या आहेत, त्या सुरू करू का?

डॉक्टर : आत्ता नको. बी-१२ कमी असताना एकटं फॉलिक घेतलं, तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. रक्त देण्याआधी बी-१२ची गोळीही घेऊ नका, नाहीतर आकडा फसवा येईल.

काकू : आमच्या सुनेच्या जिभेवरही लाल चट्टे येतात. आज इथे, आठवड्याने तिथे.

डॉक्टर : त्यांना पांढरी कड असते का?

काकू : हो, नकाशासारखी.

डॉक्टर : मग ते बहुधा निरुपद्रवी आहे. तिखट-आंबट झोंबलं तर तिने तेवढं टाळावं. तुमचा रिपोर्ट कमी आला, तर इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करू. जीभ काही आठवड्यांत सुधारू लागते, मुंग्यांना जास्त वेळ लागतो. मात्र एकाच जागी कडक गाठ किंवा जखम दोन-तीन आठवडे राहिली, तर जीवनसत्त्वांची वाट न पाहता लगेच दाखवायचं. घरात कोणी तंबाखू खात असेल, तर त्यांनाही हे सांगा.