चाळीतला कांदा: सुकवण, हवा आणि विक्रीची वेळ

चाळीत भरलेला उन्हाळ कांदा हा जिवंत कंद असतो. काढणीनंतरही तो श्वास घेतो, पाणी सोडतो, उष्णता बाहेर टाकतो आणि विश्रांतीचा काळ संपला की कोंब काढतो. म्हणून साठवणुकीत तो तीन वाटांनी कमी होतो. मे-जूनच्या उन्हात पाणी उडून वजन घटते, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सड लागते आणि सप्टेंबरनंतर हवा गार होऊ लागली की कोंब फुटतात. खरिपाचा पोळ आणि त्यामागून येणारा रांगडा कांदा या प्रवासात टिकत नाही. चाळीसाठी मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळ कांदाच धरावा लागतो.

प्रस्तुत लेखकाची नाशिक जिल्ह्यातली एकपाखी चाळ ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. पाच फूट उंचीपर्यंत भरली तर तिच्यात सुमारे १२५ क्विंटल कांदा मावतो. एका वर्षी तिच्यात सात फुटांपर्यंत १७५ क्विंटल भरला गेला. तेव्हा बाजारभाव क्विंटलला १,१०० रुपये होता. सप्टेंबरमध्ये चाळ फोडली तेव्हा भाव १,९०० होता, पण विकण्याजोगा कांदा ९२ क्विंटलच निघाला. मे महिन्यात सगळा माल विकला असता तर १,९२,५०० रुपये आले असते; सप्टेंबरात १,७४,८०० आले आणि त्यातून निवडीची मजुरीही गेली. भाव क्विंटलमागे ८०० रुपयांनी वाढूनही पैसे कमी आले. त्याची कारणे एकेक करून पाहिली तर बहुतेक चुका चाळ भरण्याआधीच झालेल्या दिसतात.

पहिली चूक पाण्याची होती. कांदा पोसावा म्हणून काढणीच्या आठ दिवस आधी एक पाणी दिले गेले. पिकातल्या निम्म्या माना पडल्या की कांदा काढणीला आला असे समजतात, आणि त्याआधी दोन ते तीन आठवडे पाणी तोडलेले असावे लागते. शेवटच्या पाण्याने वजन वाढते, पण ते पाण्याचेच वजन असते. साली कच्च्या राहतात आणि मान जाड राहते. लागवडीला दोन महिने उलटल्यावर युरिया टाकला तरी हाच परिणाम होतो.

दुसरी चूक सुकवणीची. अवकाळी पावसाची भीती होती, म्हणून काढल्यावर चौथ्याच दिवशी कांदा चाळीत गेला. त्याची पातही कंदाला लागून कापली होती. योग्य क्रम असा आहे: काढलेला कांदा शेतातच ओळीने असा मांडावा, की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कंदांवर पडेल. तीन-चार दिवसांत पात सुकते आणि कंदाला ऊन लागून चट्टे पडत नाहीत. नंतर एक ते दीड इंच मान ठेवून पात कापावी. मग कांदा सावलीत, हवा खेळेल अशा जागी पातळ ढीग करून दहा-बारा दिवस ठेवावा. या काळात मान पिळवटून मिटते आणि वरची साल कोरडी होते. मान हे कांद्याचे उघडे दार आहे. ते मिटले नाही तर बुरशी आणि जिवाणू तिथूनच आत शिरतात. मान चिमटीत दाबून पाहावी. आतला गर सरकला किंवा ओल लागली तर तो कांदा अजून चाळीचा झालेला नाही. सुकलेली मान कागदासारखी लागते आणि ढिगात हात घातला की सालींचा आवाज होतो.

पाऊस खरोखरच येणार असेल, तर ओला कांदा चाळीत भरण्यापेक्षा शेडखाली पसरावा. तेवढी जागा नसेल तर तेवढा माल लगेच विकावा. जोड कांदे, डेंगळे, जाड मानेचे, कापलेले, आपटलेले आणि गोल्टी हे सगळे भरतानाच बाजूला काढावे. साधारण साडेचार ते साडेसात सेंटिमीटर व्यासाचा, एकसारखा कांदा साठवणीला चांगला. लहान-मोठा एकत्र पडला की मधल्या फटी बुजतात आणि हवेचा रस्ता बंद होतो.

तिसरी चूक हवेची. चाळीची रुंदी ४ फूट आणि ढिगाची उंची ५ फूट ठेवण्यामागे कारण आहे. यापेक्षा मोठ्या ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, कांद्याची स्वतःची ऊब आत कोंडते आणि खालचे कांदे दाबाने दुखावतात. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि फटी ठेवलेला हवा, म्हणजे खालून हवा चढते. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, कारण पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा तिच्या लांब बाजूवर येतो. लेखकाच्या चाळीला त्या वर्षी झडीसाठी पश्चिमेकडून ताडपत्री बांधली होती आणि ती पाऊस थांबल्यावरही आठवडाभर तशीच राहिली. झडीपुरता आडोसा करावा, पण पाऊस उघडला की तो त्याच दिवशी उचलावा. छपराला नुसता पत्रा असेल तर मे महिन्यात वरचा थर भाजून निघतो. त्यावर पाचट टाकावे.

चाळीत काय चालले आहे ते बाहेरूनही कळते. तळाच्या फटींतून पाणी ठिबकणे, चिलटे जमणे, आंबूस वास येणे आणि ढिगात घातलेल्या हाताला ऊब लागणे या सडीच्या खुणा आहेत. सालीखाली काळी भुकटी दिसली तर ती काजळी होय. खूण दिसेल तेवढाच कप्पा फोडावा, खराब माल लांब नेऊन टाकावा आणि चांगला त्याच आठवड्यात विकावा. खूण नसताना सगळी चाळ उलटीपालटी करू नये. हाताळणीने साली सुटतात आणि उघडा कांदा लवकर बिघडतो.

व्यापाऱ्याच्या खळ्यावर धोका वेगळा असतो. तिथे अनेक शेतांचा माल एका ढिगात येतो आणि ओल्या मानेची एक ट्रॉली उरलेल्या ढिगाला सड लावते. लिलावात घेतलेला प्रत्येक माल मान दाबून तपासावा आणि निदान पावसाळाभर वेगळा ठेवावा. गोण्यांत भरायचा असेल तर जाळीदार गोण्या घ्याव्या आणि थप्प्यांमध्ये व भिंतीपासून वारा जाईल इतके अंतर सोडावे.

विक्रीची वेळ भावावरून नव्हे, शिल्लक मालावरून ठरवावी. आजच्या भावाला उरणाऱ्या हिश्शाने भागले की थांबण्यासाठी लागणारा किमान भाव मिळतो. १०० क्विंटलचे ८० उरणार असतील, तर १,१०० च्या भावाला पुढे किमान १,३७५ मिळायला हवेत. लेखकाच्या चाळीत १७५ चे ९२ उरले. तिथे बरोबरी साधायलाच सुमारे २,०९० रुपये भाव लागला असता. मजुरी आणि कर्जाचे व्याज याच्या वर धरायचे. शिल्लक किती ते अंदाजाने धरू नये. चाळीच्या वेगवेगळ्या जागी, ढिगाच्या मध्यापर्यंत, जाळीच्या पाच-सहा पिशव्या भरतानाच वजन करून ठेवाव्या आणि दर महिन्याला एखादी पिशवी काढून चांगला कांदा तोलावा.

भावात सरकारी निर्णयाचा धोकाही असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. असा निर्णय कधी येईल हे चाळ भरताना कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माल तीन हिश्शांत सोडावा: जाड मानेचा, गोल्टी आणि कमी सुकलेला काढणीबरोबर; मध्यम प्रतीचा जुलैअखेरपर्यंत; आणि उत्तम सुकलेला, एकसारखा माल ऑगस्ट-सप्टेंबरात. पहिले कोंब दिसले की उरलेल्या मालाची मुदत संपली असे समजावे, कारण कोंब फुटलेल्या कांद्याचा भाव पडतो आणि वजनही झपाट्याने उतरते.